जुना सातबारा टाइप करताना बेरीज जुळत नाही? पुसट आकडा ओळखून टाकण्याआधी हे तपासा

तहसील कचेरीच्या आवाराबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. वकील आणि दस्तलेखक तर येतातच, पण जास्त करून गावाकडची माणसं येतात, हातात जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची झेरॉक्स नाहीतर मोबाइलमधला फोटो घेऊन. "ताई, हा जरा स्वच्छ टाइप करून द्या." टाइप व्हायला वीस मिनिटं पुरतात. त्यानंतर एकाच प्रकारची तक्रार पुन्हा पुन्हा येते: टाइप केलेला उतारा आणि मूळ उतारा जुळत नाहीत. बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी सापडते. पुसट झालेला एखादा आकडा कुणीतरी अंदाजाने भरलेला असतो. कधी दुसऱ्या दुकानात भरलेला असतो, कधी पक्षकाराने स्वतः पेनाने गिरवून आणलेला असतो, आणि सुरुवातीच्या काळात मीही भरलेला आहे.

लक्षणं

पुढच्यातलं एखादं दिसलं की टाइप प्रत तिथेच थांबवायची.

लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा मिळून एकूण क्षेत्र येत नाही. किंवा भोगवटादारांच्या नावापुढच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळत नाही, आणि फरक एक-दोन आरचा किंवा नेमका दहाच्या पटीत असतो. एक-दोनचा फरक एककाच्या अंकात घोटाळा असल्याचं सुचवतो, दहाच्या पटीतला दशकाच्या अंकात.

आकडा रकान्यात बसूच शकत नाही. हेक्टर-आरच्या नोंदीत आर ९९ च्या वर गेलेत, एकर-गुंठ्यांच्या नोंदीत गुंठे ३९ च्या वर गेलेत, किंवा जुन्या आकारणीत आणे १५ च्या आणि पै ११ च्या वर दिसतात. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा, त्यामुळे त्यापुढचा आकडा नोंदीत येण्याचं कारणच नाही.

एकाच स्कॅनवरून दोघांनी वेगवेगळे आकडे वाचले. हे सगळ्यात भरवशाचं लक्षण, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. माझ्या दुकानात मी क्षेत्राचे रकाने दुसऱ्या माणसाकडून वाचून घेते. आम्हा दोघींचं वाचन वेगळं निघालं तर वाद घालत बसत नाही, तो आकडा सरळ अवाच्य धरते.

आणि एक लक्षण असं, की सगळं फारच छान जुळतं. पान शाईने माखलेलं, कोपरे फाटलेले, आणि टाइप प्रतीत एकही शंकाचिन्ह नाही. अशी प्रत पाहिली की मी आधी विचारते, हे आकडे कुणी लावले?

आधी खुणा ठरवा, मग टाइप करा

मी तीनच खुणा वापरते. एक अंक वाचता येत नसेल तर त्या अंकाच्या जागी `[?]`, म्हणजे दोन अंक गेले असतील तर `[?][?]`. किती अंक आहेत हेच कळत नसेल, किंवा पूर्ण शब्द गेला असेल, तर `[अवाच्य]`. आणि मूळ रकाना खरोखरच रिकामा असेल तर `[कोरा]`. ही तिसरी खूण लोकांना फुकटची वाटते, पण काही न लिहिलेला पोटखराबा आणि लिहिलेला पण पुसलेला पोटखराबा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. टाइप प्रतीत दोन्ही ठिकाणी नुसती मोकळी जागा सोडली तर वाचणाऱ्याला फरक कळायचा मार्ग उरत नाही. पुढे कुणीतरी ती जागा शून्य समजून चालतो.

चौकोनी कंसच का, तर जुन्या सातबाऱ्यावर गोल कंसाला स्वतःचा अर्थ आहे. खातेदाराचं नाव कमी झालं की तलाठी त्या नावाला कंस करायचे आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर टाकायचे. आमच्याकडे आजही "त्याच्या नावाला कंस झाला" असंच म्हणतात. तेव्हा टाइप प्रतीत मी `(७?)` असं लिहिलं, तर वाचणारा त्याला नोंद कमी झाल्याची खूण समजू शकतो. मूळचा गोल कंस जसाच्या तसा उतरवायचा, आणि माझी शंका चौकोनी कंसात ठेवायची.

नियमही एकच आहे. पानावरची रेघ स्वतः जे सांगते तेवढंच रकान्यात जातं. बेरजेवरून, शेजारच्या नोंदीवरून किंवा पक्षकाराच्या सांगण्यावरून जे निघतं ते खाली टिपेत लिहायचं. का, ते पुढे दोन भावांच्या उताऱ्यात दिसेल.

तपासणी १: तुमच्या हातात आहे ती फाइल कितवी नक्कल आहे?

याला पैसा लागत नाही, वेळही दोन मिनिटं लागतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं पान वाटेत दाबलं जातं आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला की निम्मे पुसट आकडे आपोआप उघडतात. पक्षकाराला तिथल्या तिथे फोन लावायचा: "दादा, ज्याच्याकडून फोटो आला त्यालाच सांगा, डॉक्युमेंटमधून पाठव." मूळ स्कॅन कुणाच्या तरी संगणकावर असेल तर तीच फाइल मागायची, तिचा स्क्रीनशॉट घ्यायचा नाही.

पीडीएफ असेल तर आतलं चित्र बाहेर काढून पाहा. पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममध्ये मोठं करून पाहिलेलं चित्र काही वेळा गुळगुळीत करून दाखवलेलं असतं. मी Poppler या फुकट संचातल्या या आज्ञा वापरते:

```
pdfimages -list utara.pdf
pdfimages -png utara.pdf pan
```

पहिली ओळ प्रत्येक पानाच्या चित्राची माहिती देते. त्यात `x-ppi` खाली, म्हणजे एका इंचात किती ठिपके त्या रकान्यात, १०० किंवा १५० दिसलं तर स्कॅनच कमी बारकाईने झालंय, डोळे ताणून उपयोग नाही, तपासणी ४ मध्ये सांगितलाय तसा नवा स्कॅन करून घ्या. `enc` खाली `jbig2` दिसलं तर जास्त सावध राहा. ही काळ्या-पांढऱ्या पानांची फाइल लहान करण्याची पद्धत आहे. तिच्या एका प्रकारात सारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके एकदाच साठवतात आणि तेच चित्र जागोजागी चिकटवतात. २०१३ साली जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की एका मोठ्या कंपनीची स्कॅन करणारी मशीनं याच कारणाने नकाशावरचे आकडे बदलत होती, इंग्रजी ६ च्या जागी ८ छापत होती. गंमत म्हणजे बदललेला आकडा पुसट दिसत नाही, चांगला ठसठशीत दिसतो. `jbig2` असलं म्हणजे आकडा चुकलाच असं नाही, कारण काहीही न बदलता साठवण्याचा प्रकारही त्यात आहे. पण अशा एकट्या फाइलच्या भरवशावर क्षेत्राचा आकडा मी देत नाही.

तपासणी २: त्याच हाताचे दुसरे आकडे

हीदेखील फुकट आहे, फक्त दहा-पंधरा मिनिटं जातात. लोक पुसट आकडा दोनशे टक्के, चारशे टक्के मोठा करून त्याच्याकडेच बघत बसतात. त्यापेक्षा त्या पानावर त्याच हाताने लिहिलेले स्पष्ट आकडे शोधा. प्रत्येक तलाठ्याचं वळण वेगळं असतं. कुणाचा १ वर गाठ घेऊन खाली सरळ उतरतो, कुणाचा शेवटी वळतो, आणि शेपटीवर शाई पसरली की तोच ९ वाटायला लागतो. २ आणि ३ मध्ये फरक मधल्या एका पोटाचा. टाकाने लिहिलेल्या पानात तेच पोट भरून जातं. ० आणि टिंब तर घडीच्या रेषेवर आले की कुठलं काय, देवच जाणे.

मी पानावरचे स्पष्ट १, ९, २, ३ कापून एका ओळीत लावते, खाली पुसट आकडा ठेवते, आणि सगळे एकाच मापाने मोठे करते. मग एकच प्रश्न विचारायचा: उरलेल्या रेघा या हाताच्या कुठल्या आकड्यात बसतात? एकाच आकड्यात बसत असतील आणि बाकी सगळे बाद होत असतील तर तो आकडा रकान्यात टाकायला हरकत नाही, तो पानावरूनच वाचलेला आहे. दोन आकड्यांत बसत असतील तर `[?]`, आणि टिपेत "१ किंवा ९". त्यातला जास्त शक्य वाटणारा कुठला ते मी लिहीत नाही. लिहिलं की पुढचा माणूस तोच धरून चालतो.

पानावर शाई बदललेली असेल तर हात बदलला असण्याची शक्यता धरा. सातबारा एका बैठकीत लिहिलेला नसतो. फेरफार होत गेले तशा नोंदी वर्षानुवर्षं चढत गेलेल्या असतात, आणि गाव नमुना बाराची पिकांची बाजू तर दरवर्षी वेगळी भरलेली. वरच्या नावाचा १ खालच्या नावाला लावून चालत नाही.

तपासणी ३: आकड्याने रकान्याची मर्यादा ओलांडली का?

लक्षणांत सांगितलेल्या मर्यादा इथे परत उपयोगी पडतात, पण फक्त नाकारण्यासाठी. एकर-गुंठ्यांच्या रकान्यात "[?]८ गुंठे" असेल तर पहिला अंक ४ किंवा त्याहून मोठा असणार नाही, कारण ४० गुंठ्यांना एकर होतो. म्हणजे ०, १, २, ३ हेच उरतात. त्यातला कुठला, हे मर्यादा सांगत नाही. तरी मी लोकांना इथेच घसरताना पाहिलंय. चारातले तीन पर्याय वाईट दिसतात म्हणून चौथा लिहून मोकळे होतात.

आधी रकान्याचं एकक नक्की करा. जुन्या पानांवर छापलेला मथळा एकर-गुंठ्यांचा आणि आत हाताने लिहिलेले आकडे हेक्टर-आरचे, असंही सापडतं. जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जायचे. आकारणीचंही तसंच आहे. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, त्यामुळे त्याआधीच्या नोंदीत "३-१२-०" म्हणजे तीन रुपये बारा आणे, म्हणजे पावणेचार रुपये. ते "३.१२" असं टाइप झालं तर सगळे अंक बरोबर असूनही रक्कम चुकते.

तपासणी ४: शिक्का, घडी आणि पाठीमागची शाई

आकडा पुसट नसून झाकलेला असतो तेव्हा ही. याला रंगीत स्कॅन लागतो. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर यातलं काही चालत नाही, म्हणून शक्य असेल तर कागद घेऊन जा आणि रंगीत, ३०० पीपीआयचा स्कॅन करून घ्या. दहा-वीस रुपयांचं काम आहे.

निळ्या शिक्क्याखाली काळ्या शाईचा आकडा दबला असेल तर चित्रातला फक्त निळा भाग वेगळा काढा. निळ्या भागात शिक्का फिकट होतो आणि काळी रेघ काळीच राहते. ImageMagick या प्रोग्रॅमने ते असं होतं:

```
magick pan.png -channel B -separate nila.png
```

जांभळा शिक्का असेल तर `B` च्या जागी `R` घालूनही बघा. लिखाण आणि शिक्का दोन्ही निळे असतील तर या युक्तीने विशेष काही हाती लागत नाही.

पानाच्या पाठीमागची शाई पुढे उमटली असेल तर स्कॅन करताना कागदाच्या मागे काळा कागद ठेवा. स्कॅनरच्या झाकणाचा पांढरा रंग पाठीमागचं लिखाण उजळून पुढे आणतो, काळ्या कागदाने ते दबतं. फुकटचा उपाय आहे, आणि अशा उताऱ्यांत मला सगळ्यात जास्त याचाच फायदा झालाय.

चित्राचा काळेपणा आणि उजळपणा कमीजास्त करायला हरकत नाही, पण धारदार करण्याचं बटण जपून दाबा. ते फार पुढे नेलं की रेघेच्या कडेला नसलेल्या रेघा उमटतात. आणि काहीही करा, मूळ फाइल आहे तशी वेगळी ठेवा. कागदावर पेनाने गिरवू तर अजिबात नका. एकदा गिरवलेल्या आकड्याचं मूळ परत मिळत नाही.

दोन भावांचा उतारा

आता नियमाचं कारण सांगते. माझ्याकडे एक जुना उतारा टाइपला आला होता. एक गट, दोन भाऊ, एकूण क्षेत्र २ हेक्टर ३९ आर, स्वच्छ वाचता येणारं. पहिल्या भावापुढे १ हेक्टर १९ आर, तेही स्वच्छ. दुसऱ्यापुढे १ हेक्टर, आणि आरच्या दोन्ही अंकांवर शिक्का. सोबत कुणीतरी आधी टाइप केलेली प्रत होती, त्यात दुसऱ्या भावाला १ हेक्टर २० आर दिलेले. उघड आहे, २३९ आरमधून ११९ वजा केले की १२० उरतात. बेरीज नेमकी जुळत होती, त्यामुळे ती प्रत बघून कुणालाच शंका आली नाही. नंतर पहिल्या भावाच्या मुलाने विचारलं, "वाटणी निम्मी-निम्मी होती, मग काकाला एक आर जास्त कसा?"

वाटपाचा फेरफार काढून आणल्यावर उलगडा झाला. वाटप एकर-गुंठ्यांत झालेलं. पूर्ण जमीन ५ एकर ३६ गुंठे, म्हणजे २३६ गुंठे. दोघांना प्रत्येकी २ एकर ३८ गुंठे, म्हणजे ११८ गुंठे. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर. पूर्ण जमिनीचं रूपांतर केलं तर २३८.७६ आर, पूर्ण आकड्यात २३९. एका भावाचं वेगळं रूपांतर केलं तर ११९.३८, पूर्ण आकड्यात ११९. दोघांचे मिळून २३८ होतात, २३९ नाही. मूळ पानावरच बेरीज एक आरने कमी होती, आणि ती लिहिणाऱ्याची चूक नव्हती, पूर्ण आरपर्यंत केलेल्या रूपांतराचा तो परिणाम होता. पुढे प्रमाणित नक्कल आली, तीत दुसऱ्या भावापुढे १ हेक्टर १९ आर स्पष्ट दिसत होते. शिक्का फक्त आमच्याकडच्या झेरॉक्सवर होता.

एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा थोडा कमी. वजाबाकी बरोबर होती, पण कागदावर लिहिलेला आकडा तो नव्हता. हा उतारा मी पहिल्यांदाच असा टाइप करायला हवा होता, आणि केला:

```
भोगवटादार १    हे-आर    १-१९
भोगवटादार २    हे-आर    १-[?][?]
एकूण क्षेत्र     हे-आर    २-३९

टीप: भोगवटादार २ चे आरचे दोन्ही अंक
शिक्क्याखाली अवाच्य. एकूण क्षेत्रातून
वजा केल्यास १-२० येतात; हे वाचन नव्हे.
```

शेवटचे तीन शब्द मी मुद्दाम घालते. वजाबाकी टिपेत दिलेली असली की वकिलांना पुढची चौकशी कुठे करायची ते कळतं, आणि तो आकडा मी पानावर पाहिलेला नाही हेही कळतं.

टाइप करताना नव्याने घुसणाऱ्या चुका

पान नीट वाचलं तरी तक्त्यात आकडा बिघडू शकतो. एक्सेलमध्ये इंग्रजी आकड्यांत सर्व्हे नंबर आणि हिस्सा `12/3` असा टाकला की ती तारीख होते, आणि क्षेत्र `1-19` असं टाकलं की तेही तारीखच. म्हणून टाइप करण्याआधी तो पूर्ण रकाना Text करून ठेवा. पानावर जसं आहे तसं या रकान्यात, आणि बेरजेसाठी शेजारी वेगळा रकाना, त्यात फक्त आर: १-१९ साठी 119. जिथे शंका आहे तिथे या बेरजेच्या रकान्यातही `[?]` ठेवा.

पण `SUM` अक्षरांकडे दुर्लक्ष करतं. `[?]` असलेलं घर वगळून उरलेल्यांची बेरीज दाखवतं, आणि ती पूर्ण बेरजेसारखीच दिसते. म्हणून हे सूत्र:

```
=IF(COUNTIF(C2:C9,"*[~?]*")>0,"अपूर्ण",SUM(C2:C9))
```

प्रश्नचिन्हाआधीचं `~` विसरू नका. एक्सेलला नुसतं `?` म्हणजे कुठलंही एक अक्षर असा अर्थ लागतो.

दुसरी चूक कानातून येते. एकजण वाचतो, दुसरा टाइप करतो, तेव्हा "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर", "सदतीस" आणि "सत्तावीस" यांची गल्लत होते. शिवाय मराठीत एकक आधी बोललं जातं. "त्रेचाळीस" ऐकताना तीन आधी कानावर पडतो आणि घाईत ३४ टाइप होतं. आमच्या दुकानात अंक सुटे बोलायचे: चार, तीन. अवाच्य असेल तर "खूण" म्हणायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण दुसऱ्यांदा टाइप करण्यापेक्षा बरं.

तपासणी ५: बाजूचे कागद

इथून पुढे वेळ आणि थोडे पैसे लागतात. त्या नोंदीशेजारच्या वर्तुळातला नंबर घेऊन गाव नमुना सहामधला फेरफार काढा. क्षेत्र कसं आलं, कुठल्या एककात आलं, हे तिथे बहुतेकदा शब्दांत लिहिलेलं असतं. त्याच गटाचा आधीच्या आणि नंतरच्या वर्षाचा सातबारा, त्या खातेदाराचा आठ-अ हेही बघा. जिथे जुने कागद स्कॅन झालेत तिथले ते `aapleabhilekh.mahabhumi.gov.in` वर शोधता येतात. कधी कधी तिथला स्कॅन आपल्या हातातल्या झेरॉक्सपेक्षा कितीतरी चांगला निघतो.

आजच्या ऑनलाइन सातबाऱ्यावरून जुना आकडा भरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तो आजची स्थिती सांगतो. मधल्या काळात विक्री, वाटप, रस्त्यासाठी संपादन, काहीही झालेलं असेल. आणि तो आकडाही कुणीतरी कधीतरी अशाच एखाद्या पानावरून वाचून संगणकात भरलेला आहे. तेव्हा तोही टिपेतच.

फेरफाराचाच नंबर अवाच्य असेल तर अडचण वाढते. एक अंक गेला असेल तर दहा नंबर संभवतात, फेरफार नोंदवहीत ते दहा बघून येता येतं. दोन अंक गेले तर शंभर होतात. तिथे मी पक्षकाराला सांगते, हे आता टायपिंगचं काम राहिलं नाही.

कुठे थांबायचं

उतारा घरच्या माहितीसाठी हवा असेल, तर `[?]` राहू द्या आणि झोपी जा. पण तो खरेदीखताला, वाटपपत्राला, कर्जाला किंवा कोर्टात लागणार असेल, आणि खूण क्षेत्र, हिस्सा, आणेवारी, फेरफार क्रमांक किंवा इतर हक्कांतल्या कुळाच्या नोंदीवर असेल, तर टाइप प्रत पुढे नेऊच नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्या पानाची प्रमाणित नक्कल घ्या. अर्जात गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर आणि साधारण वर्षं द्या. जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावात दोन्ही नंबर द्या, नाहीतर भलतंच पान हातात येतं. नक्कल देतानाच काउंटरवर उभं राहून तो एक आकडा बघून घ्या. नक्कलही झेरॉक्सच असते, आणि तिच्यावर नवा शिक्का नेमका त्याच आकड्यावर बसलेला मी पाहिलाय.

मूळ नोंदवहीतलंच पान गेलेलं असेल, किंवा मूळ स्पष्ट आहे पण संगणकावरच्या सातबाऱ्यात वेगळा आकडा चढलाय असं निघालं, तर ते दुरुस्त करणं तलाठ्याच्याही एकट्याच्या हातात नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो, आणि हिस्सेदारांत वाद असेल तर आधी वकील. क्षेत्राचा प्रश्न बांधावर येऊन ठेपला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी. पान मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे द्या. मला मोडी येत नाही, आणि बाळबोध आकड्यांच्या सवयीने मोडी आकडे ओळखायचा मी प्रयत्नही करत नाही.

"ताई, तेवढा एक आकडा टाकून द्या ना, कोण बघतंय," असं म्हणणारे आठवड्यातून एक-दोन तरी येतात. त्यांना मी तो भाग मोठा करून छापून हातात देते आणि म्हणते, तुम्हीच वाचून सांगा. नवरा एक सांगतो, बायको दुसरं. मग स्वतःच म्हणतात, राहू द्या ते प्रश्नचिन्ह.

नक्कल आल्यावर टाइप प्रत नव्याने करा, जुनीवर खाडाखोड नको. आकडा भरला त्या जागी टीप द्या: कुठल्या कागदावरून, कुठल्या तारखेच्या नकलेवरून. दोन भावांच्या उताऱ्याच्या दुसऱ्या प्रतीत मी १-१९ टाकले, नकलेची तारीख टाकली, आणि खाली आणखी एक ओळ: "दोन्ही क्षेत्रांची बेरीज २-३८ येते, मूळ पानावर एकूण २-३९ असेच आहे." ते वाचून वकीलसाहेबांचा फोन आला, टायपिंगची चूक झालीय का म्हणून. फेरफाराचा कागद त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवून दिला.